लंडनच्या औंसावरून दहा ग्रॅमचा भाव काढताना या चुका टाळा

सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव डॉलरमध्ये, एका ट्रॉय औंसाला सांगतात. ट्रॉय औंस 31.1035 ग्रॅमचा, तर किराणा-टपालाचा साधा औंस 28.35 ग्रॅमचा. एक्सेलमध्ये `CONVERT(1,"ozm","g")` लिहिलं की हा दुसरा, साधा औंस मिळतो. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि ती सहज दिसतही नाही.

हिशेब करून बघू. भाव 2,400 डॉलर आणि डॉलर 83.50 रुपये धरा. 2,400 ला 31.1035 ने भागून दहाने आणि 83.50 ने गुणलं की दहा ग्रॅमचे 64,430 रुपये येतात. यात ना आयात शुल्क आहे ना जीएसटी. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. ते धरलं तर 68,296 होतात आणि त्यावर 3 टक्के जीएसटी लावला की 70,345.

आता हाच हिशेब 28.35 ने करा आणि कर अजिबात लावू नका. उत्तर येतं सुमारे 70,690! सराफाने करासह सांगितलेल्या भावाच्या इतकं जवळ, की गणित बरोबरच आहे असं वाटावं. चुकीच्या औंसाने भाव 9.7 टक्के फुगतो आणि दोन्ही कर मिळून 9.18 टक्के होतात, म्हणून एक चूक दुसरीला झाकते. मग कोणी शहाणपणाने त्यावर कर चढवतो आणि आकडा 77,000 च्या पुढे जातो. तेव्हा दोष सराफाला दिला जातो.

म्हणून ताळा असा घ्या. कर लावण्याआधीच्या भावाला डॉलरभाव गुणिले विनिमय दर, या गुणाकाराने भागा. 0.3215 आलं तर औंस बरोबर. 0.3527 आलं तर साधा औंस शिरलाय.

```
=A1/31.1034768*10*B1*(1+C1)*(1+D1)
```

A1 मध्ये डॉलरभाव, B1 मध्ये डॉलरचा दर, C1 मध्ये त्या दिवशी लागू असलेलं शुल्क, D1 मध्ये जीएसटी, दोन्ही टक्क्याच्या चिन्हासह, म्हणजे 6% आणि 3% असे. 6 आणि 3 ची बेरीज करून एकदम 9 टक्के लावू नका. जीएसटी शुल्कासकट रकमेवर बसतो, त्यामुळे 9 टक्के लावले तर वरच्या उदाहरणात 116 रुपये कमी येतात.

ताडून कशाशी बघता, तेही महत्त्वाचं. आयबीजेए या सराफांच्या संघटनेच्या भावात जीएसटी नसतो, तेव्हा तो 68,296 शी जुळवायचा. बावीस कॅरेटसाठी 0.916 ने गुणा. डॉलरचा दर आणि सोन्याचा भाव एकाच वेळचे घ्या, सकाळचा दर आणि रात्रीचा भाव नको. आपल्याकडे दुकानात ‘तोळा’ म्हणजे दहा ग्रॅमच, पण जुन्या चिठ्ठीतला तोळा 11.66 ग्रॅमचा असतो. आजीच्या पाटल्यांचा हिशेब मांडताना आधी तेवढं बघून घ्या.