५जी दिसतंय, तरी डेटा कापला जातोय? माझा अनुभव

भावाच्या फोनवर ५जीचं चिन्ह ठळक दिसत होतं, पण रोजचा दीड जीबी दुपारीच संपायचा. अमर्यादित ५जी, म्हणजे ५जीवरचा वापर रोजच्या कोट्यातून न कापणं, वरच्या प्लॅनवरच मिळतं; म्हणून त्याने मुद्दाम रोज २ जीबीचा रिचार्ज मारला होता. फोनची सेटिंग्ज ठीक होती.

कंपनीच्या ॲपमध्ये ‘माझे प्लॅन’ उघडलं आणि कारण सापडलं. जुना दीड जीबीचा प्लॅन अजून चालू होता, नवा रांगेत उभा होता. पात्रता ठरते ती चालू प्लॅनवरून. इंटरनेट जोडलं की कंपनीची बिलिंग यंत्रणा बघते, या नंबरवर आत्ता कोणता प्लॅन आहे आणि जोडणी ५जीवर आहे का. दोन्ही जुळलं तरच वापर कोट्यातून वजा होत नाही. चिन्ह फक्त नेटवर्क मिळाल्याचं सांगतं, सवलतीचं नाही.

ॲपमध्ये रांगेतला प्लॅन लगेच चालू करायची सोय होती. जुन्याचे उरलेले दिवस बुडणार होते, ते भावाला मान्य होतं. मग विमान मोड चालू-बंद केला, एक व्हिडिओ लावला. ॲपमधला शिल्लक आकडा हलला नाही. घराच्या आतल्या खोलीत फोन ४जीवर उतरला, की कोटा पुन्हा कापला जातो. ते नियमातच आहे.

वरच्याच प्लॅनची अट का? नव्या ५जी नेटवर्कवर बरीच जागा मोकळी असते, जादा वापराचा खर्च कमी पडतो. त्या मोकळ्या जागेचं आमिष दाखवून ग्राहकाला वरच्या प्लॅनवर आणायचं, म्हणजे दर ग्राहकामागचं उत्पन्न वाढतं. मग निदान रांगेतल्या प्लॅनची सूचना तरी रिचार्ज करतानाच ठळक द्यायला हवी.