योगशिक्षकांचा परिचय करून देताना माझी झालेली चूक

कार्यालयातील आरोग्य शिबिरात योगशिक्षकांचा परिचय करून देण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले, तेव्हा सूत्रसंचालनाचा बऱ्यापैकी अनुभव गाठीशी असूनही मी सपशेल फसलो. शिक्षकांनी पाठवलेला दोन पानी परिचय मी अथपासून इतिपर्यंत वाचला, प्रत्येक पुरस्कारापाशी आवाज चढवला आणि शेवटी 'जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या' असे आवाहन केले. टाळ्या जोरदार झाल्या, शिट्टीही वाजली. मग शिक्षकांनी डोळे मिटायला सांगितले आणि पुढची चारपाच मिनिटे सभागृहात हसण्याची कुजबुज चालूच राहिली.

ही चूक नीट समजून घ्या, कारण ती चांगल्या निवेदकांकडूनच होते. एरवी परिचयाची चढण नावापाशी संपते आणि टाळ्यांनी वक्त्याला उभारी मिळते. येथे मात्र पुढच्याच क्षणी लोकांना श्वासाकडे लक्ष द्यायचे असते, आणि टाळ्यांनी उसळलेले सभागृह सांगितल्याबरोबर निवत नाही. म्हणून नाव आधी सांगावे, स्वागत तेव्हाच उरकावे आणि शेवटचे वाक्य एखाद्या साध्या कृतीचे ठेवावे. 'वातावरण तापवा' असे सांगणाऱ्या ज्येष्ठांचा सल्ला आणि चारोळ्यांची तयार वही, दोन्ही त्या दिवसापुरती घरी ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूचना परिचयाच्या आधीच संपवाव्यात. फोन बंद करणे, हजेरीची सही, पादत्राणांची जागा हे सारे त्यात आले. उच्च रक्तदाब, गर्भधारणा, मणक्याचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास ते शिक्षकांना बाजूला भेटून सांगावे, असेही तेव्हाच सांगावे. कपालभातीसारखी क्रिया अशा काहींसाठी वर्ज्य असते, आणि सहकाऱ्यांदेखत हात वर करून आजार सांगायला कोणी धजत नाही. 'आजपासून पाठदुखी विसरा' असले आश्वासन चुकूनही देऊ नये.

दुसऱ्या वेळी मी शिक्षिकांना आदल्या दिवशी फोन करून तीनच गोष्टी विचारल्या: नावाचा उच्चार, 'योगाचार्य' म्हटलेले चालेल का, आणि सुरुवात कशाने होणार. त्या म्हणाल्या, "नुसते बाई म्हणा. सुरुवात बसून श्वासाने करू." त्यानुसार नाव सांगून स्वागत आधीच उरकले आणि मग मी एवढेच बोललो: "आज आपल्याला मार्गदर्शन करणाऱ्या बाई बारा वर्षे योग शिकवत आहेत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना झेपेल असाच सराव त्या घेणार आहेत. कोणाला जमले, कोणाला नाही, हे आज कोणीही पाहणार नाही. आपण सावकाश बसून घेऊ या, हात मांडीवर ठेवू या. बाई, आपण सुरुवात करावी."

हे संथपणे म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. इतक्या थोडक्यात आटोपल्याने पाहुण्यांचा अवमान होईल, ही भीती मलाही होती. पण परिचय इतका थोडक्यात का केला, असे बाईंनी विचारले नाही. शेवटच्या वाक्यानंतर ध्वनिक्षेपक बंद करून मी बाजूला सरकलो आणि मीही सतरंजीवर बसलो, कारण उभा निवेदक दिसत राहिला की लोक पुढच्या सूचनेची वाट पाहत राहतात.