व्यस्त रूपांतर न करता f(t) ची सुरुवात आणि शेवट कसा काढावा

लाप्लास रूपांतर F(s) हातात आहे आणि एवढंच हवंय की f(t) कुठून सुरू होतं आणि शेवटी कुठे स्थिरावतं. त्यासाठी आंशिक अपूर्णांक पाडत बसू नका. हे उदाहरण घ्या:

F(s) = (2s² + 7s + 12) / (s(s² + 4s + 8))

आधी s ने गुणा आणि जे छेदलं जातं ते छेदून टाका. उरतं ते असं:

sF(s) = (2s² + 7s + 12) / (s² + 4s + 8)

सुरुवातीसाठी s अनंताकडे न्या. वर-खाली सर्वांत मोठ्या घाताचे सहगुणक तेवढे उरतात, म्हणून f(0+) = 2. सुरुवातीचा उतारही इथेच मिळतो. sF(s) मधून 2 वजा केले की f′(t) चं रूपांतर मिळतं, (−s − 4)/(s² + 4s + 8). त्याला पुन्हा s ने गुणून s अनंताकडे नेला की −1 येतो. म्हणजे फलन 2 पासून सुरू होऊन लगेच खाली उतरायला लागतं.

आता शेवट. इथे बहुतेक ठिकाणी एका ओळीत सांगतात, ‘s = 0 ठेवा’. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याने खूप नुकसान होतं. s = 0 ठेवल्यावर 12/8, म्हणजे 1.5 येतात. पण छेदातल्या 4s च्या जागी −4s लिहा आणि परत s = 0 ठेवा. उत्तर तेच, 1.5! ते पद पूर्ण काढून टाका, छेद s² + 8 करा, तरीही 1.5. प्रत्यक्षात ही तीन फलनं एकमेकांपासून पार वेगळी वागतात. पहिलं खरंच 1.5 वर स्थिरावतं. दुसऱ्यात e²ᵗ असल्यामुळे त्याची आंदोलनं वाढतच जातात. तिसरं 1.5 च्या भोवती साधारण −1 ते 4 यांच्यामध्ये कायम हेलकावत राहतं; 1.5 ही त्याची सरासरी आहे, अंतिम मूल्य नव्हे. शेवट आहे की नाही हे ज्या पदावर ठरतं, ते पद s = 0 ठेवताच नाहीसं होतं. म्हणून चुकीचं उत्तरही अगदी साधं, पटण्यासारखं दिसतं आणि नुसत्या आकड्याकडे पाहून चूक कधीच कळत नाही.

म्हणून s = 0 ठेवण्याआधी पोल तपासायचे, प्रत्येक वेळी. छेदून झाल्यानंतर उरलेल्या sF(s) च्या छेदाची सगळी मुळं काटेकोरपणे डाव्या अर्धप्रतलात हवीत, म्हणजे त्यांचा वास्तव भाग ऋणच हवा. शून्य चालत नाही. आपल्या उदाहरणात मुळं −2 ± 2i आहेत, म्हणून 1.5 हे उत्तर पक्कं.

छेद दुसऱ्या घाताचा असेल तर मुळं काढायचीही गरज नाही. तिन्ही सहगुणक एकाच चिन्हाचे असले आणि एकही शून्य नसला की झालं. पण हाच नियम तिसऱ्या घाताला लावू नका. s³ + s² + 2s + 8 मध्ये सगळं धन आहे, तरी त्याचे अवयव (s + 2)(s² − s + 4) असे पडतात आणि दुसऱ्या कंसाची मुळं उजवीकडे जातात. as³ + bs² + cs + d साठी सगळे सहगुणक धन असून शिवाय bc > ad असायला हवं. इथे bc = 2 आणि ad = 8, म्हणजे या छेदाला अंतिम मूल्य विचारायचंच नाही. त्याहून मोठ्या घातासाठी राऊथची सारणी मांडा.

मूळ छेदात s² हा पूर्ण अवयव म्हणून बाहेर पडत असेल, तर s ने गुणल्यावरही एक s उरतो आणि s = 0 ठेवताना छेद शून्य होतो. तेव्हा अंतिम मूल्य नाही असं लिहून थांबा.

आरंभमूल्याला पोलची ही अट लागत नाही. −4s असलेलं फलनसुद्धा बिनदिक्कत 2 पासूनच सुरू होतं. तिथे अट वेगळी आहे. F(s) मध्ये अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा कमी हवा. (s + 3)/(s + 1) ला s ने गुणून s अनंताकडे नेलात तर उत्तर अनंत येतं, कारण t = 0 ला एक आवेग दडलेला आहे. अशा वेळी आधी भागाकार करा, 1 + 2/(s + 1). तो 1 म्हणजे आवेग. तो बाजूला ठेवा आणि उरलेल्या भागाला प्रमेय लावा. f(0+) = 2 मिळतं.