या चुका टाळा: अॅलीन आणि बायअरिलचं Ra-Sa नेमकं उलटं का येतं?

अक्षीय किरॅलिटी म्हणजे एका अक्षाभोवतीच्या गटांच्या मांडणीमुळे रेणू आणि त्याचं आरसारूप एकमेकांवर न बसणं; त्या दोन रूपांना Ra आणि Sa ही अक्षरं देतात. तिच्या प्रश्नाची उत्तरं तपासताना एक गंमत दिसते. चुकलेलं उत्तर सहसा भलतंच नसतं, ते बरोबर उत्तराच्या अगदी उलट असतं. अग्रक्रम बरोबर लावलेले, आकृतीही नीट काढलेली, आणि शेवटी Sa च्या जागी Ra. असं वारंवार होत असेल तर तो निष्काळजीपणा नसतो. पद्धतीतच एखादी पायरी उलटी बसलेली असते. ती बहुधा कुठे असते, हे एका साध्या रेणूवर पाहू.

रेणू आहे पेंटा-2,3-डायईन, म्हणजे CH3CH=C=CHCH3 हा अॅलीन. मधल्या कार्बनच्या दोन दुहेरी बंधांमधले पाय-बंध एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे डाव्या टोकाचे CH3 आणि H एका प्रतलात, तर उजव्या टोकाचे CH3 आणि H त्याला लंब प्रतलात येतात. इथेच पहिली चूक होते. दोन्ही टोकं सारखीच दिसली की अनेक जण "हा किरल नाही" असं लिहून मोकळे होतात. टोकं एकमेकांपासून वेगळी असण्याची गरजच नाही. गरज एवढीच की प्रत्येक टोकावरचे दोन गट आपसांत वेगळे हवेत. एका टोकावर दोन H किंवा दोन CH3 आले, की सममिती प्रतल मिळतं आणि किरॅलिटी जाते. आपल्या रेणूत दोन्ही टोकांवर CH3 आणि H आहेत, म्हणून तो किरल आहे.

आता कागदावर रेणू आडवा काढा. डाव्या कार्बनवर CH3 वर आणि H खाली, दोन्ही कागदाच्या प्रतलात. उजव्या कार्बनवर CH3 ठळक पाचरीने, म्हणजे तुमच्याकडे येणारा, आणि H तुटक पाचरीने, म्हणजे कागदामागे जाणारा. हा रेणू Ra की Sa?

अक्षाच्या डाव्या टोकाशी उभं राहून उजवीकडे पाहायचं. समोर न्यूमन प्रोजेक्शनसारखा अधिकचा आकार दिसेल. जवळच्या टोकाचे गट उभ्या रेषेवर येतील, CH3 बाराच्या जागी आणि H सहाच्या जागी. लांबच्या टोकाचा CH3 तीनच्या जागी की नऊच्या? उत्तरं उलटी येण्याचं एक कारण हेच. डावीकडून उजवीकडे पाहताना ठळक पाचर तुमच्या उजव्या हाताला येते, उजवीकडून डावीकडे पाहताना डाव्या हाताला. पाठ करण्यापेक्षा एकदा पेन आडवं धरून त्याच्या टोकाकडून पाहा, लगेच पटेल. आपण डावीकडून पाहतोय, म्हणून लांबचा CH3 तीनवर आणि लांबचा H नऊवर.

अग्रक्रम लावताना सवय आड येते. मध्यवर्ती किरल कार्बनला आपण चारही गट एकाच रांगेत उभे करतो. तसं केलं तर इथे CH3, CH3, H, H अशी रांग लागते आणि गाडी तिथेच अडते, कारण दोन CH3 मध्ये पहिला कोणता हे ठरतच नाही. अक्षीय किरॅलिटीसाठी कान-इंगोल्ड-प्रेलॉग पद्धतीत एक जादा नियम आहे: जवळच्या टोकाचे दोन्ही गट लांबच्या टोकाच्या दोन्ही गटांच्या आधी. म्हणजे जवळचा CH3 पहिला, जवळचा H दुसरा, लांबचा CH3 तिसरा, लांबचा H चौथा. हायड्रोजन दुसऱ्या क्रमांकावर पाहून खटकतं खरं, पण नियम असाच आहे.

मग आपलं घड्याळ असं: पहिला बारावर, दुसरा सहावर, तिसरा तीनवर. आणि आता ती मुख्य चूक. पहिला बारावर, तिसरा तीनवर, म्हणजे बारा ते तीन, घड्याळाच्या दिशेने, म्हणून Ra. वाचायला अगदी बरोबर वाटतं आणि साफ चूक असतं. Ra-Sa साठी मार्ग पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जातो. बाराहून सहावर सरळ रेषेत जाताना दिशा ठरत नाही, ती ठरते पुढच्या वळणावर. सहाहून तीनवर जाताना पाच आणि चार लागतात, म्हणजे घड्याळाच्या उलट. उत्तर Sa.

मी एवढंच सांगतो: पहिल्या उडीकडे दुर्लक्ष करा आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडचं वळण पाहा. पहिला आणि दुसरा कायम समोरासमोर असतात, त्यामुळे 1 ते 3 आणि 2 ते 3 ही वळणं दर वेळी एकमेकांच्या उलट येतात. उत्तर "नेमकं उलटं" येण्याचं मूळ इथेच आहे.

1 ते 3 हे वळण काही वाया जात नाही. ते P आणि M या दुसऱ्या पद्धतीचं आहे. तिथे रेणूकडे मळसूत्र म्हणून पाहतात: जवळच्या वरिष्ठ गटाकडून लांबच्या वरिष्ठ गटाकडे, लहान कोनाने. घड्याळाच्या दिशेने गेलं तर P, उलट गेलं तर M. आपल्या रेणूत बाराहून तीनवर, म्हणून P. एकच रेणू Sa आणि P, आणि यात विरोध काहीच नाही. अक्षीय किरॅलिटीत Sa म्हणजे P आणि Ra म्हणजे M अशीच जोडी असते. त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे काढून जुळवून पाहणं ही फुकटात मिळणारी पडताळणी आहे. Ra आणि P एकत्र आले, तर कुठलं तरी वळण चुकलंय.

दुसरी पडताळणी म्हणजे विरुद्ध टोकाकडून पाहणं. उजवीकडून पाहिलं तर मघाचा लांबचा CH3 आता पहिला होतो आणि नऊवर येतो, त्याचा H दुसरा होऊन तीनवर. मघाचा बारावरचा CH3 आता तिसरा. तीनहून बारावर जाणं पुन्हा घड्याळाच्या उलट, पुन्हा Sa. कुठल्या टोकाकडून पाहायचं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उत्तर बदललं, तर पाचरीची बाजू चुकलेली असते.

बायअरिलमध्ये घड्याळ हेच, फक्त गट ओळखणं थोडं अवघड. इथे अक्ष म्हणजे दोन वलयांना जोडणारा एकेरी बंध, आणि अक्षाच्या प्रत्येक टोकाचे दोन "गट" म्हणजे त्या वलयाचे दोन ऑर्थो कार्बन. तुलना कार्बनपासून सुरू होते, त्यावर टांगलेल्या गटापासून नाही. क्रिस्टी आणि केनर यांनी 1922 मध्ये ज्या रेणूचे दोन आरसारूप वेगळे केले, तो 6,6'-डायनायट्रोडायफेनिक आम्लाचा रेणू यासाठी उत्तम आहे. प्रत्येक वलयावर एका ऑर्थोला COOH, दुसऱ्याला NO2. "COOH मध्येही दोन ऑक्सिजन, NO2 मध्येही दोन, मग पुढे काय?" असा प्रश्न हमखास येतो. पण ऑक्सिजनपर्यंत जायची वेळच येत नाही. NO2 धरणाऱ्या कार्बनला जोडलेले अणू N, C, C आहेत, COOH धरणाऱ्याला C, C, C. पहिल्याच फरकावर निकाल लागतो आणि NO2 वाली बाजू वरिष्ठ ठरते. आता जवळच्या वलयाचा NO2 बारावर, COOH सहावर, लांबच्या वलयाचा NO2 तीनवर असेल, तर मघासारखंच Sa.

याच अग्रक्रमाने मला एकदा चांगलंच फसवलं. 2,2'-डायमेथिल-1,1'-बायनॅफ्थिलवर ब्रोमिनेशन करत होतो. एकाच मेथिलचं CH2Br झालेला पदार्थ हाती आला, नाव ठरवलं आणि वहीत लिहून बसलो, "अक्ष उलटला." Ra चं Sa झालं होतं ना! त्या तापमानाला तो अक्ष फिरणं शक्यच नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी सुचलं. घडलं होतं ते असं. मेथिल असताना C2 आणि C8a हे दोन्ही ऑर्थो कार्बन C, C, C. पुढच्या पायरीत C8a च्या फांद्यांपैकी वरिष्ठ फांदी, म्हणजे C4a, हिच्यावर C, C, C आहेत. C2 च्या वरिष्ठ फांदीवर, म्हणजे C3 वर, C, C, H. म्हणून C8a वरचढ. CH3 चं CH2Br झालं की C2 ची ही मेथिलची फांदी Br, H, H होते, आणि ब्रोमीन एकटाच कार्बनांना मागे टाकतो. आता C2 वरिष्ठ. अवकाशात एकही अणू जागचा हलला नाही, फक्त एका टोकाचे क्रमांक बदलले, म्हणून अक्षर बदललं. दुसऱ्या मेथिलचंही CH2Br झालं की दुसऱ्या टोकाचेही क्रमांक बदलतात आणि अक्षर पुन्हा Ra. अभिक्रियेच्या आधीची आणि नंतरची अक्षरं जुळवून अक्ष उलटला की नाही हे ठरवू नये. त्यासाठी दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून गटांच्या जागा पाहाव्या लागतात.

आणि अक्षर देण्याआधी अक्ष टिकतो का, हेही पाहायला हवं. अॅलीनमध्ये दुहेरी बंध असल्याने ही काळजी सहसा नसते. बायअरिलचा अक्ष मात्र एकेरी बंध आहे, आणि ऑर्थो जागांवरची गर्दीच त्याला धरून ठेवते. ओकी यांचा निकष सर्वाधिक वापरला जातो: आरसारूपांचा एकमेकांत बदलण्याचा अर्धायुकाल त्या तापमानाला किमान 1000 सेकंद असेल, तरच त्यांना अॅट्रोपआयसोमर, म्हणजे बंधाभोवती फिरणं अडल्याने वेगळी राहणारी रूपं, म्हणायचं. 27 अंश सेल्सियसला हे साधायला फिरण्याचा अडथळा सुमारे 93 किलोज्यूल प्रति मोल लागतो. साध्या बायफेनिलमध्ये तो याच्या आसपासही नसतो, म्हणून त्याच्या वळलेल्या आकृतीला Ra किंवा Sa देऊन उपयोग नाही.

सगळ्यात फसवा प्रकार मधल्या पट्ट्यात असतो. ऑर्थोला जादा गट नसलेला साधा 1,1'-बायनॅफ्थिल निकषाच्या वर आहे, तो वेगळा करता येतो, अक्षरही देता येतं. पण द्रावणात सामान्य तापमानालाच काही तासांत त्याचं रेसिमीकरण होत जातं. सकाळी मोजलेलं प्रकाशिक वलन संध्याकाळी घसरलेलं दिसलं, तर पोलॅरिमीटरवर राग काढण्याआधी नमुना द्रावणात किती वेळ उभा होता ते बघा. 2 आणि 2' वर OH असलेल्या बायनॉलला हा त्रास नेहमीच्या हाताळणीत होत नाही.