स्लिप काढताना या चुका टाळा: चार पोल, ५० हर्ट्झ आणि १५००चा हट्ट

जळगावच्या दालमिलांत, धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये किंवा गावातल्या पिठाच्या गिरणीत फिरणारी मोटर बहुतेक वेळा चार पोलची असते. नेमप्लेटवर १४४० आरपीएमच्या आसपासचा आकडा दिसतो. स्लिपचं गणित तिच्यावर दोन ओळींत होतं, आणि नेमकं त्यामुळेच चुकतं.

आधी सरळ हिशेब. सिंक्रोनस स्पीड म्हणजे १२० × फ्रिक्वेन्सी ÷ पोल, म्हणजे १२० × ५० ÷ ४ = १५००. रोटर १४४०ने फिरत असेल तर तो ६० फेरे मागे आहे. ६० ÷ १५०० = ०.०४, म्हणजे ४ टक्के स्लिप. उलट जायचं असेल तर रोटर स्पीड = १५०० × (१ − ०.०४) = १४४०.

परीक्षेच्या पेपरात इथे तीन चुका दिसतात. १२०च्या सूत्रात पोलच्या जोड्या, म्हणजे २, टाकल्या की उत्तर ३००० येतं. जोड्याच वापरायच्या असतील तर वर १२० नाही, ६० घ्यायचे. दुसरी चूक म्हणजे फरकाला १४४०ने भागणं. त्याने ४.१७ टक्के येतं, दिसायला जवळपास बरोबर, म्हणून ती पकडली जात नाही. तिसरी चूक स्वतःच ओरडते: टक्के तसेच ठेवून १५०० × (१ − ४) केलं की मोटर उणे ४५००ने फिरायला लागते. आयटीआयच्या पोरांना हे एकदा हसून सांगितलं की पुरतं.

खरी गडबड मिलमध्ये होते, कारण तिथे १५०० हा आकडा कोणी तपासत नाही.

१५०० गृहीत धरणं

समजा दहा एचपीची मोटर आहे, नेमप्लेट ४१५ व्होल्ट, १४ अँपिअर, १४४० आरपीएम. टॅकोमीटर शाफ्टवर १४६२ दाखवतो. १५०० धरून फरक ३८ आला. पूर्ण लोडला फरक ६०, म्हणून ३८ ÷ ६०, लोड साधारण ६३ टक्के. झालं काम, असं वाटतं.

आता त्याच वेळी क्लॅम्प मीटरवर फ्रिक्वेन्सी बघा. ती ४९.९ असेल तर सिंक्रोनस स्पीड १४९७ होते आणि फरक ३५ उरतो. लोड ५८ टक्क्यांवर आला. फ्रिक्वेन्सी ०.२ टक्क्यांनी हलली आणि उत्तर पाच टक्क्यांनी सरकलं. स्लिप म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली छोटीशी वजाबाकी, त्यामुळे मोठ्या आकड्यातली बारीक चूक लहान उत्तरात फुगून बसते.

लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होतो तेव्हा तर हे गणित उलटंपालटं होतं. टॅकोवर १५१५ दिसले की लोक म्हणतात, मीटर बिघडलं, मोटर सिंक्रोनस स्पीडच्या पुढे जाईलच कशी? जनरेटरवर लोड कमी असल्याने तो ५१.५ हर्ट्झ देत असेल, तर सिंक्रोनस स्पीड १५४५ आहे. रोटर ३० फेरे मागेच आहे, स्लिप १.९ टक्के. म्हणून नियम एकच ठेवा: स्पीड आणि फ्रिक्वेन्सी एकाच वेळी, एकाच लोडवर घ्यायची. सकाळची फ्रिक्वेन्सी आणि दुपारचा स्पीड चालत नाही.

टॅकोवर डोळे मिटून विश्वास

लाइटचा टॅको वापरताना शाफ्टवर चमकणारी एकच पट्टी हवी. पलीकडच्या बाजूला किल्लीची घासलेली कड चमकत असेल तर तो एका फेऱ्याचे दोन मोजतो, आणि १४६२च्या जागी २९२४ दाखवतो. अशा वेळी ‘ही मोटर दोन पोलची निघाली’ असं म्हणण्याआधी बाकीच्या शाफ्टला काळा रंग मारून पुन्हा मोजा. टेकवायच्या टॅकोचं उलट आहे: रबरी टोक घसरलं की वाचन कमी येतं आणि स्लिप उगाच जास्त दिसते. पट्ट्यापलीकडच्या पुलीवर मोजून मागे हिशेब करणं तर नकोच. पट्टा स्वतः घसरतो आणि ते घसरणं मोटरच्या नावावर जमा होतं.

नेमप्लेटचा आकडा पक्का समजणं

१४४० हा पूर्ण लोडचा, ४१५ व्होल्टचा, गरम झालेल्या मोटरचा आकडा आहे. त्याच टॉर्कला स्लिप व्होल्टेजच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जाते. वरच्या मिलमध्ये व्होल्टेज ३९५ मिळत असेल तर पूर्ण लोडचा फरक ६० नाही, साधारण ६६ धरावा लागतो. मग ३५ ÷ ६६, लोड ५३ टक्के. ६३वरून निघालो होतो.

त्यातही आयईसी ६००३४-१ प्रमाणे एक किलोवॅट आणि त्यावरच्या मोटरला पूर्ण लोडच्या स्लिपमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे ६०चे ४८ किंवा ७२ असू शकतात, आणि आपले ५३ टक्के प्रत्यक्षात ४४ ते ६६ यांत कुठेही. माझ्या मते स्लिपवरून लोडचा आकडा छातीठोक सांगूच नये. त्याच मोटरचा मागच्या महिन्याचा आणि आजचा फरक बघायला ती चांगली, पंधराची मोटर काढून दहाची टाकायचा निर्णय घ्यायला नाही.

स्लिप जास्त, अँपिअर कमी

एक जागा मात्र अशी आहे जिथे स्लिप अँपिअरपेक्षा खरं बोलते. त्याच दहा एचपीच्या मोटरवर १३९० आरपीएम आले. फ्रिक्वेन्सी ५०, व्होल्टेज ४१५, करंट फक्त ८.५. ऑपरेटर म्हणतो, “मोटर चालू शे ना भो, मंग काय व्हयनं?” नेमप्लेटवर १४ आहे, म्हणजे मोटर आरामात चालतेय असं त्याला वाटतं. पण फरक ११० आहे, पूर्ण लोडच्या जवळजवळ दुप्पट.

टॅको दोनदा तपासला आणि आकडा तोच राहिला, तर आधी स्टार-डेल्टा स्टार्टर उघडा. डेल्टाचा कॉन्टॅक्टर ओढला जात नसेल तर मोटर स्टारमध्येच अडकलेली असते. प्रत्येक वाइंडिंगला ४१५ऐवजी २४० व्होल्ट मिळतात, टॉर्कची ताकद एक तृतीयांश होते, आणि तेच काम ओढायला स्लिप साधारण तिप्पट लागते. ६० टक्के लोडला फरक ३६ असायला हवा होता, तो ११०वर जातो.

फसवणूक करंटमध्ये आहे. डेल्टात लाइनचे १४ अँपिअर म्हणजे वाइंडिंगमधून ८.१. स्टारमध्ये मात्र लाइनचा करंट आणि वाइंडिंगचा करंट एकच, म्हणजे मीटरवरचे ८.५ हे वाइंडिंगला तिच्या हद्दीबाहेरचे आहेत. ओव्हरलोड रिले लाइनमध्ये असेल आणि १४वर लावलेला असेल, तर वाइंडिंगचा वास यायला लागला तरी तो ट्रिप होत नाही.

मेन बंद करून डेल्टा कॉन्टॅक्टरची कॉइल, टायमरचा कॉन्टॅक्ट आणि स्टार कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक या क्रमाने बघा. दुरुस्तीनंतर त्याच लोडला स्पीड १४६४च्या आसपास येईल आणि मीटरवरचा करंट ८.५वरून उलट नऊच्या वर जाईल. मालक ‘आता जास्त खातेय’ म्हणून कुरकुर करतील, तेव्हा त्यांना वाइंडिंगचा हिशेब दाखवा: आधी ८.५ अँपिअर जात होते, आता साधारण ५.३.