रिव्ह्यूअरला मुद्द्यागणिक उत्तर कसं लिहावं

पाठवलेल्या पेपरवर जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’ची मेल आली की पहिल्या दिवशी फक्त वाचा. रागाच्या भरात सुचलेली वाक्यं वहीत खरडलीत तरी चालेल, फाइलमध्ये मात्र नकोत.

दुसऱ्या दिवशी एक नवी फाइल उघडा आणि रिव्ह्यूअरचं म्हणणं जसंच्या तसं त्यात उतरवा, एक शब्दही न गाळता. मग त्याचे तुकडे पाडा. एका परिच्छेदात बहुधा दोन-तीन मागण्या दडलेल्या असतात. त्यातली सोपी उत्तरली आणि अवघड राहून गेली, तर दुसऱ्या फेरीत नेमकी तीच परत येते. प्रत्येक तुकड्याला १.१, १.२ असा क्रमांक द्या.

आता एक अवघड तुकडा घेऊ. समजा, तुमचा पेपर मिरज-वाळवा भागातल्या क्षारपड जमिनींवर आहे. आठ शेतं घेतली. चारांत जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाईप आहेत, चारांत नाहीत. प्रत्येक शेतातून पाच नमुने काढून क्षारता मोजली आणि चाळीस नमुन्यांवर टी-टेस्ट लावली. दुसरा रिव्ह्यूअर म्हणतो, ‘हे चाळीस नमुने स्वतंत्र नाहीत. शिवाय एकाच हंगामावरून निष्कर्ष काढू नये, आणखी एक हंगाम मोजा.’

आपल्याला पहिलं सुचतं ते असं: ‘नमुने शास्त्रीय पद्धतीनेच घेतले आहेत.’ विचारलं काय आणि सांगितलं काय! नमुने नीट घेतले नाहीत, असं तो म्हणतच नाही. एकाच शेतातले पाच नमुने एकमेकांसारखे असणारच; पाईप टाकलेत ते शेतात, नमुन्यात नव्हे. म्हणून तुलना आठ शेतांची आहे, चाळीस नमुन्यांची नाही. इथे रिव्ह्यूअर बरोबर आहे, आणि हे पहिल्याच वाक्यात मान्य करावं. मग काय केलं ते सांगा: शेत हा रँडम इफेक्ट धरून विश्लेषण पुन्हा केलं. R मध्ये, lme4 पॅकेज वापरून, ते इतकंच:

```
lmer(ec ~ drain + (1 | farm), data = d)
```

फरक पूर्वीइतका ठळक उरला नाही, तर तेही लिहा आणि निष्कर्षाचं वाक्य मवाळ करा. उत्तरात ‘बदल केला’ एवढंच लिहून थांबू नका. बदललेलं वाक्य तिथेच अवतरणात द्या, म्हणजे रिव्ह्यूअरला पेपर चाळत बसावं लागणार नाही.

दुसरी मागणी वेगळी. गेलेला हंगाम परत येत नाही आणि प्रकल्प संपलाय. नकार द्यायचा, पण नुसता नाही. उत्तराचा मराठी मसुदा असा होईल: ‘दुसऱ्या हंगामाने निष्कर्ष भक्कम झाला असता, हे आम्हाला मान्य आहे. क्षेत्रीय काम पूर्ण झाल्याने नवी मोजणी शक्य नाही. म्हणून “निचऱ्यामुळे क्षारता घटते” ऐवजी “या हंगामात निचरा असलेल्या शेतांत क्षारता कमी आढळली” असं लिहिलं असून, ही मर्यादा चर्चेत नोंदवली आहे.’ पैसे नव्हते, माणसं नव्हती, ही कारणं खरी असली तरी ती इथे उगाळू नयेत.

हा मसुदा इंग्रजीत नेताना आपली शाळेतली आणि कचेरीतली इंग्रजी आड येते. ‘काइंडली नोट’ आपल्याला अदबीचं वाटतं. वाचणाऱ्याला ते नोटिशीसारखं लागतं. ‘अ‍ॅज ऑलरेडी मेन्शन्ड’ म्हणजे ‘डोळे उघडून वाचा’. ‘रिस्पेक्टेड सर’ तर नकोच. रिव्ह्यूअर बाई आहे की पुरुष, हे बहुतेकदा आपल्याला ठाऊकच नसतं. आभार सुरुवातीला एकदा मानावेत. प्रत्येक मुद्द्याखाली ‘व्हॅल्युएबल कमेंट’ आलं की ते खोटं वाटू लागतं.

रिव्ह्यूअरने खरोखरच चुकीचं वाचलं असेल तर? समजा, नमुने ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचे आहेत आणि त्याला ते पृष्ठभागावरचे वाटले. ‘तुमचा गैरसमज झाला’ असं लिहू नका. ‘आमचं वाक्य संदिग्ध होतं, आता खोली पहिल्याच ओळीत दिली आहे’ असं लिहा, आणि ती खरोखर तिथे द्या. एक जाणकार अडखळला तिथे दुसरे वाचकही अडखळतील.

दोन रिव्ह्यूअर परस्परविरुद्ध मागण्या करत असतील, तर एक बाजू निवडून दोघांच्याही उत्तरात कारण द्या आणि संपादकाच्या पत्रात त्याचा उल्लेख करा. मुदत पुरत नसेल तर ती संपण्याआधीच वाढवून मागा.

पान आणि ओळ क्रमांक अगदी शेवटी भरा. ट्रॅक चेंजेस असलेल्या फाइलमधल्या आणि स्वच्छ फाइलमधल्या ओळी जुळत नाहीत; आपण कुठल्या फाइलचे आकडे दिलेत ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. मग सबमिट करण्याआधी तयार होणारी पीडीएफ उघडून त्यातले चार-पाच क्रमांक बोट ठेवून तपासा.