चुकीच्या पाकिटात गेलेला चिवडा परत मागवताना या चुका टाळा

लहान कारखान्यात हा घोळ बहुतेक वेळा पॅकिंग मशीनवरचा रोल बदलताना होतो. समजा, मक्याच्या चिवड्याचं पॅकिंग संपलं, हॉपरमध्ये पोह्यांचा चिवडा ओतला, पण रोल मक्याच्याच पाकिटांचा राहिला. माल ताजा आणि चवीला उत्तम, पण त्यात शेंगदाणे आहेत आणि पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ते नाहीत. दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला एवढंही जिवावर बेतू शकतं.

पहिली चूक सूचनेच्या शब्दांतच होते. ‘काही पाकिटांमध्ये तांत्रिक त्रुटी आढळली आहे’ हे वाचून घरातल्या कुणालाच कळत नाही की आपण काय करायचं. दाण्यांचं नाव घ्यायला मालक कचरतात, पण नेमकं तेच लिहायला हवं. उदाहरणार्थ:

‘मक्याचा चिवडा, २०० ग्रॅम, बॅच क्रमांक १४०३२, पॅकिंग तारीख १४ मार्च. या पाकिटांत चुकून शेंगदाणे असलेला पोह्यांचा चिवडा भरला गेला आहे. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तो अजिबात खाऊ नये, इतरांना धोका नाही. बॅच क्रमांक पाकिटाच्या मागे, वरच्या शिवणीजवळ छापला आहे. फोडलेलं पाकीटही दुकानात परत द्या, पूर्ण पैसे मिळतील. बिलाची गरज नाही. आमच्या इतर बॅच ठीक आहेत.’

शेवटचं वाक्य मात्र खातरजमा करूनच लिहा. बॅचची हद्द अंदाजाने ठरवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. चूक सापडली ती वेळ धरू नका. त्याआधी रोल व माल जुळल्याची शेवटची नोंद आणि त्यानंतरची पहिली नोंद कधी झाली ते पाहा आणि त्या दोन नोंदींमधलं सगळं परत मागवा. सकाळी ११ वाजताची नोंद बरोबर आहे, दुपारी ३ ला घोळ सापडला आणि मधली नोंदच नाही, तर चारही तासांचा माल परत. त्यात दुसरा बॅच क्रमांक येत असेल, तर तोही सूचनेत हवा.

‘दाणे वेचून खा’ असं दुकानदार गिऱ्हाईकाला सांगतात. तसं सांगू नका, हे त्यांना आधीच बजावा. दाण्याचा चुरा पोह्यांना आणि मसाल्याला चिकटलेला असतो, तो वेचला जात नाही. कुणी खाल्लं असेल आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर लगेच १०८ वर फोन करावा, ही ओळही सूचनेत घाला.

वितरकाला फोन केला की काम झालं असं समजू नका. अन्न व औषध प्रशासनाला लगेच लेखी कळवा, मग प्रत्येक वितरकाकडून किती पाकिटं गेली, किती परत आली आणि किती विकली गेली हे लिहून घ्या. ६४० पाठवली, ४१० परत आली, तर उरलेली २३० कुठे आहेत हे वहीत दिसायला हवं. परत आलेला माल वेगळ्या खोलीत, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवा. गोदामात तो चांगल्या खोक्यांशेजारी राहिला, तर दिवाळीच्या गर्दीत पुन्हा गाडीत चढतो.